डिकीतला पाच वॅटचा दिवा आणि सोमवारची बंद गाडी

चाकण-भोसरीकडे कंपनीच्या बसने जाणाऱ्यांची कार शुक्रवार रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत सोसायटीत उभी राहते. डिकीचा स्विच अडकला असेल, तर आतला दिवा हे 60 तास जळतो. पाच वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर सुमारे 0.4 अँपिअर घेतो, म्हणजे जवळजवळ 25 अँपिअर-तास खर्च. छोट्या कारची बॅटरीच साधारण 35 ची! धडधाकट बॅटरी एक रात्र सहज काढते. तीन-चार वर्षं जुनी मात्र एका रात्रीतही मान टाकू शकते.

छतावरचा दिवा बऱ्याच गाड्यांत काही वेळाने आपोआप विझतो, म्हणून संशय आधी डिकी आणि ग्लोव्हबॉक्सवर घ्या. मोबाइलवर व्हिडिओ रेकॉर्डिंग सुरू करून फोन आत ठेवा, झाकण बंद करा, मिनिटभराने बघा. अंधार दिसायला हवा.

दिवा जळत असेल तर तूर्त बल्ब काढा. डिकीचा स्विच बहुधा लॅचमध्येच असतो; धूळ, चिकट ग्रीस किंवा गंजाने तो परत येत नाही. आधी साफ करा, नाहीतर बदला.

दिवा विझत असूनही बॅटरी उतरतेय? मग निगेटिव्ह वायरमध्ये मल्टिमीटर 10 अँपिअरवर जोडा, गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत आकडा ठीक. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.