भाड्याचं ऑफिस ताळेबंदात येतं तेव्हा

बाणेरमध्ये एक कंपनी पाच वर्षांसाठी ऑफिस भाड्याने घेते, असं धरू. लीव्ह अँड लायसन्सचा करार फेब्रुवारीत नोंदवला गेला आणि 1 एप्रिल 2025 रोजी किल्ल्या हातात आल्या. पहिली तीन वर्षं भाडं वर्षाला 24 लाख रुपये, नंतरची दोन वर्षं 15 टक्के वाढीने 27 लाख 60 हजार. भाडं प्रत्यक्षात महिन्याला देतात, पण हिशेब नीट दिसावा म्हणून ते दर 1 एप्रिलला वर्षाचं एकदम आगाऊ द्यायचं, असं मानू. शिवाय 12 लाखांचं बिनव्याजी डिपॉझिट आणि एजंटाची दलाली 2 लाख. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण अशा अटींचे करार पुण्या-मुंबईत सर्रास होतात.

पूर्वी अशा जागेचं भाडं त्या त्या वर्षी खर्चात टाकलं की काम संपायचं. पाच वर्षं भाडं देण्याची बांधिलकी ताळेबंदात दिसतच नसे. 1 एप्रिल 2019 पासून इंड एएस 116 हे मानक लागू झालं आणि हे बदललं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना आणि 250 कोटी किंवा त्याहून अधिक नेट वर्थ असलेल्या मोठ्या कंपन्यांना ते पाळावं लागतं. लहान कंपन्यांना अजून जुनं एएस 19 चालतं. नव्या मानकानुसार जागा वापरण्याचा हक्क ही मालमत्ता आणि द्यायचं राहिलेलं भाडं हे कर्जासारखं देणं. कागदावर ‘लीज’ लिहिलंय की ‘लायसन्स’, याला महत्त्व नाही. ठरावीक जागा ठरावीक काळ मोबदला देऊन तुमच्या ताब्यात आहे का, एवढंच पाहायचं.

नोंद कोणत्या दिवशी करायची, इथेच पहिली चूक होते. करारावर सही झाली ती तारीख नव्हे आणि भाडं सुरू होतं ती तारीखही नव्हे. मालकाने जागा वापरासाठी ताब्यात दिली, तो दिवस धरायचा. फर्निचरच्या कामासाठी पहिले तीन महिने भाडं माफ असलं, तरी नोंद किल्ल्या मिळाल्याच्या दिवशीच होते आणि त्याच दिवसापासून घसारा सुरू होतो. आपल्या उदाहरणात तो दिवस 1 एप्रिल.

आता देणं किती, ते काढू. त्या दिवशीचे 24 लाख लगेच चुकते झाले, म्हणून ते देण्यात येत नाहीत. उरले चार हप्ते: 24, 24, 27.60 आणि 27.60 लाख. त्यांची बेरीज 103.20 लाख होते, पण हे पैसे पुढे द्यायचे असल्यामुळे त्यांची आजची किंमत काढायची. मालकाने भाडं ठरवताना कोणता व्याजदर मनात धरला, हे भाडेकरूला सहसा कळत नाही. म्हणून तेवढ्याच मुदतीचं, तशाच तारणावर कर्ज घेतलं असतं तर कंपनीला कोणत्या दराने मिळालं असतं, तो दर घेतात. इथे तो 10 टक्के धरू. वर्षाने द्यायच्या 24 लाखांची आजची किंमत 21.82 लाख, दोन वर्षांनी द्यायच्या 24 लाखांची 19.83, त्यापुढच्या दोन हप्त्यांची 20.74 आणि 18.85. एकूण 81.24 लाख. हे झालं लीज लायबिलिटी, म्हणजे भाड्याचं देणं.

मालमत्तेचा आकडा याहून मोठा येतो. त्या दिवशी दिलेलं 24 लाख भाडं त्यात मिळवायचं, कारण तोही त्याच हक्कासाठी मोजलेला पैसा. करार झाला म्हणूनच द्यावी लागलेली 2 लाख दलालीही त्यात येते. राहतं डिपॉझिट, आणि ते बऱ्याचदा सुटतं. पाच वर्षांनी बिनव्याजी परत मिळणाऱ्या 12 लाखांची आजची किंमत 10 टक्क्यांनी 7.45 लाखच आहे. उरलेले 4.55 लाख म्हणजे मालकाला व्याजाच्या रूपाने आगाऊ दिलेलं भाडंच, म्हणून तेही हक्काच्या किमतीत जातं. 81.24, 24, 2 आणि 4.55 मिळून 111.79 लाखांची राइट-ऑफ-यूज मालमत्ता झाली.

नोंद अशी होते: मालमत्ता 111.79 नावे, डिपॉझिट 7.45 नावे, भाड्याचं देणं 81.24 जमा, बँक 38 जमा. दोन्ही बाजू 119.24 लाखांवर जुळतात. ज्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं तो यात धरायचा नाही. इमारतीचा मेंटेनन्स ही वेगळी सेवा आहे. तो वेगळा ठेवायचा, किंवा सवलत घेऊन भाड्यातच मिळवायचा. जी पद्धत निवडली ती त्या प्रकारच्या सगळ्या जागांना सारखी लावावी लागते.

यानंतर भाडं हा खर्च नफा-तोटा पत्रकातून जातो आणि त्याच्या जागी घसारा व व्याज येतात. घसारा दर वर्षी सारखाच, 22.36 लाख. व्याज पहिल्या वर्षी 8.12 लाख, पुढे घटत जाऊन पाचव्या वर्षी शून्य. म्हणजे खर्चाचा भार सुरुवातीच्या वर्षांवर जास्त पडतो, बँकेतून जाणारं भाडं मात्र शेवटी वाढत असतं.

इथवर सगळी आकडेमोड, एक्सेलमध्ये सहज होणारी. खरा कस लागतो तो मुदत ठरवताना. करार पाच वर्षांचा असला तरी समजा लॉक-इन तीन वर्षांचाच आहे आणि त्यानंतर कंपनी तीन महिने आधी कळवून जागा सोडू शकते. मग मुदत तीन धरायची की पाच? तीन धरली तर पुढे द्यायचे दोनच हप्ते उरतात आणि देणं 81.24 वरून 41.65 लाखांवर येतं. व्याजदर 10 ऐवजी 8 टक्के घेतला तर देणं जेमतेम 85 लाखांपर्यंत जातं. मुदतीचा परिणाम दराहून कितीतरी मोठा आहे.

मानकाची कसोटी अशी: सोडण्याचा हक्क कंपनी वापरणार नाही, याची वाजवी खात्री आहे का? इथे करारातलं दंडाचं कलम पुरेसं नाही, व्यवहार पाहावा लागतो. कंपनीने केबिन, एसी, केबलिंग यांवर 70 लाख घातले असतील आणि ते उचलून नेता येत नसतील, तर तीन वर्षांनी ती जागा सोडेल हे पटत नाही. अशा वेळी पाच वर्षं धरणंच योग्य. कराराबाहेरचं असं नुकसानही मोजावं, असं आंतरराष्ट्रीय मानकांचा अर्थ लावणाऱ्या समितीनेही नोव्हेंबर 2019 मध्ये स्पष्ट केलं. उलट तयार फर्निचरसह जागा घेतली असेल आणि शेजारीच तशा दहा जागा रिकाम्या असतील, तर तीन वर्षं धरणं प्रामाणिक ठरू शकतं.

अकरा महिन्यांच्या कराराचीही हीच कसोटी. बारा महिने किंवा त्याहून कमी मुदतीचा भाडेकरार ताळेबंदात न आणण्याची सवलत आहे. पण नूतनीकरणाचा हक्क करारात भाडेकरूला दिलेला असेल आणि तो वापरला जाणार हे दिसत असेल, तर ती सवलत मिळत नाही.

चुकीची मुदत बाहेरून ओळखायची एक खूण आहे. एखादी कंपनी भाड्याच्या जागेतल्या फर्निचरवर पाच-सहा वर्षांत घसारा काढते आणि त्याच जागेची मुदत मात्र तीन वर्षं धरते, असं दिसलं तर दोन्ही आकडे एकाच वेळी बरोबर असणं अवघड आहे. तुम्ही अशा कंपनीचे शेअर घेतले असतील तर वार्षिक अहवालातल्या टिपांमध्ये या दोन मुदती शेजारी ठेवून वाचा आणि जुळल्या नाहीत तर सर्वसाधारण सभेत त्याचं कारण विचारा.