खोकल्याकडे नको, छातीकडे बघा

दोन वर्षांचा मुलगा. दोन दिवस सर्दी आणि बारीक ताप, पण रात्री नीट जेवून झोपलेला. मध्यरात्री एकदम उठतो आणि कुत्रा भुंकावा तसा खोकतो. आवाज बसलेला असतो, आणि रडताना श्वास आत ओढला की घशातून कर्कश आवाज येतो. हा बहुतेक वेळा क्रूप असतो. तो विषाणूमुळे होतो, मुख्यतः सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना, आणि रात्री बळावतो.

सूज येते ती स्वरयंत्राच्या लगेच खाली. तिथे कूर्चेचं पूर्ण गोल कडं असतं, त्यामुळे सूज बाहेर पसरू शकत नाही, आतली वाट अडवते. लहान मुलात ही वाट जेमतेम अर्धा सेंटिमीटर रुंद. चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली, तरी निम्म्याहून अधिक जागा जाते. मोठ्या माणसाचा तेवढ्या सुजेने नुसता आवाज बसतो.

खोकला कितीही भयंकर वाटला, तरी धोका त्यावरून ठरत नाही. मुलाला मांडीवर घ्या, शांत करा, सदरा वर करून छाती बघा. रडणं थांबल्यावर कर्कश आवाजही थांबला, मूल पाणी पितंय, खेळतंय, तर त्रास सौम्य आहे. सकाळी डॉक्टरांना दाखवता येईल. शांत बसूनही प्रत्येक श्वासाला आवाज येत असेल, किंवा बरगड्यांमधली, गळ्याखालची जागा आत खेचली जात असेल, तर त्याच रात्री दवाखाना गाठा. ओठ निळे-करडे पडले, मूल गळून गेलं, झोपाळू झालं किंवा श्वासासाठी तळमळू लागलं, तर लगेच १०८ ला फोन करा.

इथे एक फसगत होते. छाती ओढली जात असताना कर्कश आवाज कमी झाला, तर आई-वडिलांना बरं वाटतं. पण मूल थकलं की हवा आत जाणंच कमी होतं, म्हणून आवाज मंदावतो. ही सगळ्यात वाईट खूण आहे.

मुलाला रडवू नका, आडवं पाडू नका, घशात चमचा घालून बघू नका. वाफेचा उपयोग सिद्ध झालेला नाही; उकळत्या पाण्याने भाजलेली मुलं मात्र रुग्णालयात येतात. खोकल्याचं औषध किंवा अँटिबायोटिकही इथे कामाचं नाही. डॉक्टर सहसा डेक्सामेथासोनचा एकच डोस तोंडाने देतात. काही तासांत सूज ओसरू लागते. त्रास जास्त असेल तर नेब्युलायझरमधून अ‍ॅड्रेनलिन. त्याने मूल मिनिटांत सुधारतं, पण दोनेक तासांत असर उतरतो, म्हणून त्यानंतर काही तास तिथेच थांबवून ठेवतात. त्या वेळी घरी न्यायची घाई करू नका.

लाळ गळतेय, गिळता येत नाही, ताप जोराचा आहे, पण भुंकल्यासारखा खोकला नाही, तर तो क्रूप नव्हे. तसंच शेंगदाणा खाताना ठसका लागून अचानक श्वास अडला तरीही. दोन्ही वेळा सकाळची वाट बघायची नाही.