फक्त बदललेला तुकडा

घरातल्या संगणकावरची फाइल बाहेरून हवी असली, की बहुतेकांना एकच वाट सुचते: दुरून त्या संगणकात शिरायचं. मग घरचा पडदा लॅपटॉपवर दिसतो, माउस हलवला की क्षणभराने बाण हलतो, आणि नेमकी त्याच वेळी घरची वीज गेली तर सगळंच ठप्प. हवी असते एक फाइल, आणि त्यासाठी आपण अख्खा संगणक ओढत बसतो.

दुसरी वाट अशी की फोल्डर दोन्हीकडे असू द्यायचा आणि सारखा ठेवायचं काम एखाद्या प्रोग्रॅमवर सोपवायचं. सिंकथिंग हा असा एक मोफत, मुक्तस्रोत प्रोग्रॅम आहे. तो 2013 सालापासून आहे. फायली साठवणारी कंपनी मध्ये नसते; तुमचीच दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात. ती कशी बोलतात, हे पाहिलं की थक्क व्हायला होतं.

सिंकथिंग प्रत्येक फाइलचे समान तुकडे पाडतं. 250 एमबीपर्यंतच्या फाइलचा तुकडा 128 केबीचा असतो, मोठ्या फाइलचा त्याहून मोठा. मग एसएचए-256 या गणिती रीतीने प्रत्येक तुकड्याचा ठसा काढला जातो. तुकड्यात एक अक्षर बदललं तरी ठसा पार वेगळा येतो. यंत्रं आधी एकमेकांना फायलींऐवजी या ठशांच्या याद्या पाठवतात.

समजा, घरच्या संगणकावर 100 एमबीची डेटाबेस फाइल आहे. तिचे 800 तुकडे होतात. तुम्ही एक नोंद दुरुस्त केलीत आणि त्यामुळे एकाच तुकड्यातले आकडे बदलले. लॅपटॉप नवी यादी जुनीशी ताडून पाहतो, 799 ठसे जुळतात, आणि तो फक्त उरलेला एक तुकडा मागवतो. 100 एमबीच्या जागी 128 केबी!

मला याहून भावते ती नाव बदलण्याची गोष्ट. लग्नाचा दोन जीबीचा व्हिडिओ घरी दुसऱ्या नावाने ठेवलात, तर लॅपटॉपच्या यादीत एक फाइल नाहीशी होते आणि एक नवी उगवते. पण नवीचे सगळे ठसे त्याच्याकडे आधीच असलेल्या तुकड्यांचे निघतात. म्हणून तो स्वतःच्याच डिस्कवरून ती जुळवतो. व्हिडिओचं काहीही इंटरनेटवरून येत नाही.

याला मर्यादा आहेत. फाइलच्या सुरुवातीलाच चार अक्षरं घुसवली, तर पुढचा सगळा मजकूर सरकतो आणि पुढचे सगळे ठसे बदलतात. वर्डच्या फायली तर मुळातच आवळून साठवलेल्या असतात, त्यामुळे एक ओळ बदलली तरी बरेच तुकडे नव्याने जातात. फाइल छोटी असेल तर त्याने फारसं बिघडत नाही.

तुमची यंत्रं एकमेकांना ओळखतात ती 56 अक्षरांच्या ओळखक्रमांकाने. तो प्रत्येक यंत्राच्या प्रमाणपत्राचाच ठसा असतो. दोन्हीकडून एकमेकांना मान्यता दिल्याशिवाय काहीच सरकत नाही. थेट जोडणी जमली नाही, तर डेटा मधल्या मदतनीस सर्व्हरवरून जातो, पण कुलूपबंद. त्या सर्व्हरला तो वाचता येत नाही.

दोन्ही यंत्रं कधीतरी एकाच वेळी चालू असावी लागतात. घरचा संगणक रात्री आणि लॅपटॉप फक्त दिवसा चालत असेल, तर त्यांची गाठच पडणार नाही. अशा वेळी सतत चालू राहणारं तिसरं छोटं यंत्र, उदाहरणार्थ रास्पबेरी पाय, दुवा बनतं.

आणि दोघांची भेट होण्याआधी तीच फाइल दोन्हीकडे बदलली तर? प्रत्येक फाइलसोबत कोणत्या यंत्राने कितवा बदल केला, याची नोंद फिरत असते. दोन्ही नोंदी एकमेकींना अनोळखी निघाल्या, की सिंकथिंग हा संघर्ष मानतं. नंतर जतन केलेली प्रत मूळ नावाने राहते, आधीची बाजूला ठेवली जाते:

```
hishob.sync-conflict-20250314-091205-K3MQ7TA.ods
```

तारीख, वेळ आणि बदल करणाऱ्या यंत्राच्या ओळखक्रमांकाची पहिली सात अक्षरं. असं नाव फोल्डरमध्ये दिसलं, तर दोन्ही फायली उघडून हाताने जुळवा. प्रोग्रॅम ते तुमच्यासाठी करत नाही.

सगळ्यात सावध राहायचं ते पुसण्याबाबत. बदल जसा पोचतो तसंच पुसणंही पोचतं, आणि तितक्याच तत्परतेने. त्यासाठी फोल्डरच्या सेटिंगमध्ये `File Versioning` चालू करा; मग दुसरीकडून आलेल्या बदलाने हटणारी फाइल `.stversions` मध्ये जाऊन थांबते. पण तुम्ही ज्या यंत्रावर स्वतः पुसलंत, तिथे ती थांबत नाही. म्हणून हे सेटिंग दोन्हीकडे चालू ठेवा, आणि महत्त्वाच्या फायलींची बॅकअप प्रत सिंकच्या बाहेर, वेगळ्या डिस्कवर घ्या.