सतरा तारखेनंतर

(आजी आणि पत्रकार कल्पित आहेत; घटनांची पार्श्वभूमी खरी. गाव तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं.)

पत्रकार : आजी, फौजा 13 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थानात शिरल्या. 17 ला निजाम शरण आला. संपलं ना सगळं?

आजी : तुमच्या पुस्तकात संपलं आसंल. रझाकार पळाले, मग आमच्याच लोकांनी मोमिनाची घरं लुटली. त्याच्या दोन सुना इहिरीत पडल्या.

पत्रकार : हे फौजा येण्याआधी की नंतर?

आजी : नंतर. पितरांचा पंधरवडा व्हता. सासऱ्याचं पान वाढलं, पर कुणी घास खाल्ला न्हाई.

(त्या वर्षी भाद्रपद पौर्णिमा 18 सप्टेंबरला होती, म्हणजे हा पंधरवडा शरणागतीनंतरचा. अशा आठवणी तपासायला पंचांग फार उपयोगी पडतं.)

पत्रकार : किती माणसं गेली?

आजी : निम्मं गाव.

(हा आकडा मी छापणार नाही. शंभरीतली आठवण घटनांचा क्रम बऱ्याचदा धरून ठेवते, मोजदाद मात्र फुगते.)

पत्रकार : रझाकारांनी काय केलं होतं?

आजी : माझा भाऊ मारला. म्हून काय सुनांचं बी बोलू नये?

केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभर, कमीत कमी धरूनही, 27 ते 40 हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव होतं. तो अहवाल कित्येक दशकं प्रसिद्धच झाला नाही.