साडेसहा लिटरमध्ये अकराशे टन

एक एकर रान वीस सेंटिमीटर खोल नांगरायचं, म्हणजे किती माती हलवायची? चला, मोजूनच टाकू. एक एकर म्हणजे 40 गुंठे, म्हणजेच 4047 चौरस मीटर. त्याला 0.2 मीटर खोलीने गुणलं की झाली 809 घनमीटर माती. शेतातल्या एक घनमीटर मातीचं वजन साधारण 1350 किलो धरा. गुणाकार करा बघू... जवळजवळ 1090 टन! दहा टनी ट्रकमध्ये भरायची म्हटली तर 109 ट्रक लागतील. आणि ही एवढी माती कापून, उचलून, उलथी पाडायला पंचेचाळीस एचपीच्या ट्रॅक्टरला डिझेल किती लागतं? मध्यम जमिनीत साधारण साडेसहा लिटर. पाण्याच्या लहान बादलीत मावेल एवढं!

हे जमतं कसं? आणि त्या साडेसहा लिटरमधलं खरोखर किती मातीच्या कामी येतं? उत्तर जरा धक्का देणारं आहे, पण तिथपर्यंत आपण नांगराच्या मागून चालत जाऊ.

आपला नांगर दोन फाळी पलटी. प्रत्येक फाळ एक फूट रुंदीची माती कापतो, म्हणजे एका फेरीत साधारण 60 सेंटिमीटर रुंद पट्टा उलटतो. मग एकर संपेपर्यंत ट्रॅक्टर किती चालतो? 4047 भागिले 0.6. उत्तर 6745 मीटर. म्हणजे एका एकराच्या आतल्या आत पावणेसात किलोमीटर! वळणं तर यात धरलेलीच नाहीत.

आता ओढीकडे वळू. फाळ जमिनीत शिरला की माती त्याला अडवते. किती जोराने, हे जमिनीवर ठरतं. वाफशावर असलेल्या मध्यम काळ्या जमिनीत कापल्या जाणाऱ्या दर चौरस सेंटिमीटरला साधारण 600 ग्रॅमची ओढ लागते, असं धरू. रेताड, हलक्या जमिनीत ती याच्या निम्म्यावर येते. उन्हाळ्यात वाळून भेगाळलेल्या काळ्या रानात मात्र 900 ग्रॅम आणि त्याच्याही वर जाते. आपला नांगर 60 सेंटिमीटर रुंद आणि 20 सेंटिमीटर खोल, म्हणजे एका वेळी 1200 चौरस सेंटिमीटर कापतो. 1200 गुणिले 600 ग्रॅम, म्हणजे 720 किलोची ओढ. दोरीला 720 किलोचं वजन टांगलं तर दोरी जेवढ्या जोराने ताणली जाईल, तेवढ्या जोराने ट्रॅक्टरला नांगर ओढायचा आहे, आणि तोही पावणेसात किलोमीटर.

पूर्वी लोखंडी नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल का जुंपत, ते आता कळलं ना? चांगली बैलजोडी दिवसभर टिकेल अशी ओढ सत्तर-ऐंशी किलोचीच देते.

ओढ खरोखर मोजतात, बरं का. दोन ट्रॅक्टर एकामागे एक लावतात आणि मध्ये डायनॅमोमीटर जोडतात. हा एक भक्कम ताणकाटाच असतो. मागच्या ट्रॅक्टरला नांगर असतो, पण त्याचा गिअर न्यूट्रल ठेवतात, त्यामुळे सगळी ओढ पुढच्या ट्रॅक्टरला काढावी लागते. समजा काटा 860 किलो दाखवतो. मग नांगर वर उचलून त्याच रानात पुन्हा ओढतात. आता काटा 140 दाखवतो. हे 140 मागच्या ट्रॅक्टरची चाकं नुसती लोळवायला लागले. 860 मधून 140 गेले की नांगराची ओढ उरते 720. साधी वजाबाकी! आपल्या देशात ट्रॅक्टरची सरकारी तपासणी मध्य प्रदेशात बुदनीला होते. ट्रॅक्टर किती ओढतो आणि किती डिझेल पितो, ते तिथे मोजून कागदावर येतं.

ओढ कळली, आता ताकद. एका सेकंदात 75 किलो वजन एक मीटर उचलणं म्हणजे एक अश्वशक्ती, आपल्या भाषेत एक एचपी. म्हणून सूत्र असं:

एचपी = ओढ (किलो) × वेग (मीटर प्रति सेकंद) ÷ 75

नांगरताना ट्रॅक्टर ताशी साडेचार किलोमीटरने चालतो, म्हणजे सेकंदाला 1.25 मीटर. 720 गुणिले 1.25 भागिले 75. आकडा येतो फक्त 12!

काय? पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर आणि नांगराला लागतात बाराच? मग बाकीचे तेहतीस कुठे गेले? काही वाटेत गळतात आणि उरलेले राखीव असतात. इंजिनाकडून निघालेली ताकद गिअरमधून, चाकांमधून नांगरापर्यंत येईतो तिचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग जातो. त्यामुळे नांगराला 12 मिळायला इंजिनाने 19 द्यावे लागतात. आणि राखीव का ठेवायचे? कारण जमीन सगळीकडे सारखी नसते. मध्येच बैलगाडीच्या जुन्या वाटेचा टणक पट्टा येतो, बाभळीचं मूळ आडवं येतं आणि ओढ क्षणात दुप्पट होते. त्या क्षणी ताकद शिल्लक नसेल तर इंजिन दबतं आणि धुराड्यातून काळा धूर येतो. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. एअर फिल्टर तुंबला असला तरी तसाच धूर निघतो. त्यामुळे धूर दिसला की चालक आधी खालचा गिअर टाकतो, आणि संध्याकाळी फिल्टर उघडून बघतो.

आता डिझेलचा हिशेब. एक लिटर डिझेल जळलं की साधारण 36 मेगाज्यूल ऊर्जा बाहेर पडते. हे ऐकायला रुक्ष वाटेल, म्हणून असं सांगतो: एका लिटरमधली सगळी ऊर्जा वापरता आली, तर एक टन वजन साडेतीन किलोमीटर उंच उचलता येईल. कळसूबाईवर दुसरं कळसूबाई ठेवलं तरी त्याच्याही वर!

आणि आपल्या नांगराला किती ऊर्जा लागली? ओढ गुणिले अंतर. 720 किलोची ओढ म्हणजे 7060 न्यूटन, अंतर 6745 मीटर. गुणाकार सुमारे 48 मेगाज्यूल. म्हणजे डिझेल हवं अवघं 1.33 लिटर! पण टाकीतून गेलं साडेसहा. हाच तो धक्का.

वाटेत काय झालं ते बघा. साडेसहा लिटरपैकी जवळजवळ 4.4 लिटरची ऊर्जा इंजिनातच उष्णता होऊन जाते. ती रेडिएटरमधून आणि धुराड्यातून बाहेर पडते. यात चालकाचा दोष नाही. चांगलं डिझेल इंजिनही शेतात जळणाच्या साधारण एक तृतीयांशच काम देतं. उरले 2.1 लिटर. गिअरपेटीत आणि मागच्या धुऱ्यात पाव लिटर गेलं. शेवटी मागची चाकं. मातीत रुतणं आणि जागच्या जागी घसरणं यात आणखी अर्धा लिटर. मग राहिले ते आपले 1.33.

या यादीत चालकाच्या हातात असलेली मोठी गोष्ट म्हणजे चाकाचं घसरणं. ते मोजायला फक्त खडू आणि टेप लागतो. मागच्या टायरच्या बाजूला खडूची ठळक रेघ मारा. नांगर उचललेला ठेवून चाकाचे दहा फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर किती पुढे गेला ते मोजा. समजा 40 मीटर. मग नांगर लावून पुन्हा दहा फेरे. या वेळी 34 मीटरच गेला. सहा मीटर कुठे गेले? चाक फिरलं, पण ट्रॅक्टर पुढे सरकला नाही. 40 पैकी 6, म्हणजे 15 टक्के घसरण. दहा ते पंधरा टक्के चालायचंच. वीसच्या वर गेली की डिझेल वाया जातं आणि टायर झिजतात. (रेघ मारताना ट्रॅक्टर बंद हवा, आणि चालू असताना फेरे मोजायचे ते बांधावर उभं राहून! मडगार्डवर बसून तर अजिबात नाही.)

घसरण जास्त असेल तर उपाय म्हणजे वजन. ट्रॅक्टर ओढतो तो चाकाच्या पकडीवर, आणि पकड येते चाकावरच्या भारातून. हलक्या ट्रॅक्टरला कितीही एचपी दिले तरी तो जागेवर माती उकरत बसेल. म्हणून शेतकरी मागच्या टायरमध्ये पाणी भरतात किंवा चाकाला लोखंडी वजनं लावतात. पण अति केलं की उलटं होतं. जड ट्रॅक्टरची चाकं रुततात, लोळवायला जास्त जोर लागतो आणि खालची माती दाबून घट्ट होते.

आता एक कोडं. दोनाऐवजी तीन फाळांचा नांगर लावला तर एकराला डिझेल कमी लागेल का? बरेच जण हो म्हणतात. करून बघा: रुंदी दीडपट झाली, म्हणून ओढ 720 वरून 1080. पण फेऱ्या कमी झाल्या, अंतर 6745 वरून 4497 मीटर. दोन्हीचा गुणाकार तेवढाच! तीन फाळांनी वेळ वाचतो, वळणं कमी होतात, पण मातीचं काम तेवढंच राहतं. हळू चालवल्यानेही ते फारसं कमी होत नाही. एचपी कमी लागतात, पण वेळ जास्त लागतो. मात्र फार जोरात नांगरलं तर माती लांब फेकली जाते आणि ओढ वाढते, म्हणून ताशी चार-पाच किलोमीटरच बरे.

खोलीचं तसं नाही. वीसऐवजी तीस सेंटिमीटर खोल गेलात तर ओढ दीडपट होते आणि अंतर तेवढंच राहतं. डिझेल दीडपट, म्हणजे जवळजवळ दहा लिटर. वाळून टणक झालेल्या रानात वीस सेंटिमीटरलाही तेवढंच. त्यात तुमच्या नांगराचा फाळ बोथट असेल तर त्याहून जास्त.

आपल्या घरी एकराला किती लागतं, ते शोधणं अगदी सोपं आहे. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून टाकी काठोकाठ भरायला सांगा. एक एकर नांगरून झालं की त्याच जागी आणून मापाने पुन्हा काठोकाठ भरायला सांगा. जेवढं भरावं लागलं तेवढं गेलं. आकडा सहा-सातच्या आसपास आला तर ठीक. मध्यम जमीन, वाफसा चांगला, खोली वीसच, आणि तरी दहा आला, तर पंपवाल्यावर संशय घेण्याआधी फाळाची धार, एअर फिल्टर आणि चाकावरची खडूची रेघ, ही तिन्ही तपासून बघा.