संसार मोडला, पीएफचं काय?

समजा, पुण्याजवळच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या, पन्नाशीतल्या माणसाचा वीस वर्षांचा संसार कौटुंबिक न्यायालयात पोचला आहे. पत्नीने मुलांसाठी नोकरी सोडली, त्यामुळे तिच्या नावावर म्हातारपणाची अशी काही तरतूद नाही. नवऱ्याच्या पीएफ खात्यात मात्र ३२ लाख रुपये आहेत आणि त्यातले २४ लाख लग्नानंतरच्या वर्षांत जमा झालेले आहेत. पत्नीच्या माहेरचे म्हणतात, ‘निम्मे तर मिळणारच.’ नवऱ्याचा भाऊ म्हणतो, ‘पीएफला कोणी हात लावू शकत नाही.’ दोघांच्याही बोलण्यात थोडं थोडं तथ्य आहे.

लग्नानंतर जमलेली मिळकत घटस्फोटाच्या वेळी आपोआप निम्मी वाटली जावी, असा नियम हिंदू विवाह कायद्यात नाही. गोवा याला अपवाद आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि घटस्फोटात तिचे दोन भाग होतात. महाराष्ट्रात पत्नी ‘वाटा’ मागत नाही, ती कलम २५ खाली कायमस्वरूपी पोटगी मागते. दोघांचं उत्पन्न, मालमत्ता, वागणूक आणि परिस्थिती बघून न्यायालय एकरकमी किंवा दरमहा पोटगी ठरवतं. निवृत्तीचे पैसे या हिशेबात येतात ते याच वाटेने: वाटून घेण्याची वस्तू म्हणून नव्हे, तर देणाऱ्याची ऐपत म्हणून.

म्हणून पहिलं काम म्हणजे ही ऐपत कागदावर आणणं. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र देणं बंधनकारक केलं. पत्नीच्या वकिलाने तेव्हाच पीएफचं पासबुक मागून घ्यावं आणि ग्रॅच्युइटीही मोजून घ्यावी. तिचं गणित सोपं आहे. शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता यांची बेरीज घ्यायची, तिला १५ ने गुणून २६ ने भागायचं आणि आलेल्या आकड्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. आपल्या या माणसाचा असा पगार ६०,००० आणि नोकरी २२ वर्षांची असेल, तर ग्रॅच्युइटी सुमारे ७ लाख ६१ हजार होते. म्हणजे पीएफ धरून ही ऐपत चाळीस लाखांच्या जवळ जाते. पगाराच्या स्लिपवर यातलं काहीच नीट दिसत नाही, आणि फक्त स्लिप बघून झालेली तडजोड पत्नीला म्हणूनच महागात पडते.

आता नवऱ्याच्या भावाचं म्हणणं बघू. भविष्य निर्वाह निधीच्या १९५२ च्या कायद्यातलं कलम १० म्हणतं की सभासदाच्या खात्यातली रक्कम त्याला दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही, तारण ठेवता येत नाही, आणि त्याच्या कर्जासाठी किंवा देण्यासाठी न्यायालयाच्या हुकमानेही तिच्यावर जप्ती येत नाही. कामगाराच्या म्हातारपणाची पुंजी सावकाराच्या हाती जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. पण त्यामुळेच ‘यातले बारा लाख पत्नीच्या खात्यात वळवा’ असं पीएफ कार्यालयाला सांगून काम भागत नाही. वाटा काढायचा तो इतर मालमत्तेतून काढावा लागतो.

इथेच सर्वात मोठी चूक होते. परस्परसंमतीच्या घटस्फोटात संमतीच्या अटी लिहिताना नवरा म्हणतो, ‘आत्ता पैसे नाहीत, निवृत्त झालो की पीएफचे बारा लाख देईन.’ पत्नी विश्वासाने सही करते. पुढे तो दुसरं लग्न करतो, पीएफला नव्या पत्नीचं नाव लावतो आणि निवृत्तीच्या आधीच वारतो. त्याच कलम १० चा पुढचा भाग सांगतो की सभासद गेल्यावर रक्कम नॉमिनीकडे जाते आणि मृताच्या देण्यांसाठी ती धरता येत नाही. पहिल्या पत्नीच्या हातात उरतं ते फक्त वचन.

याला उपाय कायद्यातच आहे. कलम २५ नुसार पोटगीच्या रकमेसाठी नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा चढवता येतो. आपल्या उदाहरणात नवऱ्याच्या नावावर फ्लॅट असेल, तर बारा लाखांऐवजी फ्लॅटमधला तेवढ्या किमतीचा हिस्सा किंवा मुदतठेव पत्नीला आत्ताच द्यावी. तेही जमत नसेल, तर रकमेचा बोजा फ्लॅटवर नोंदवावा, म्हणजे ती रक्कम चुकती केल्याशिवाय फ्लॅट सुखासुखी विकता येणार नाही. त्याचा पीएफ जसाच्या तसा राहतो आणि तिचे पैसेही त्यावर अवलंबून राहत नाहीत. दरमहाच्या पोटगीपेक्षा एकरकमी रक्कम बरी, याला आणखी एक कारण आहे. परिस्थिती बदलली तर दरमहाची पोटगी कमी करता येते, आणि पत्नीने पुन्हा लग्न केलं तर ती बंदही होऊ शकते.

दरमहाच पोटगी ठरली आणि नवरा ती चुकवू लागला, तर? नोकरीत असताना पोटगीच्या वसुलीसाठी पगाराच्या दोन तृतीयांश भागापर्यंत जप्ती आणता येते. निवृत्तीनंतर अनेक जण पेन्शन कायद्याची ढाल पुढे करतात. पण पत्नीच्या पोटगीपुढे ती ढाल चालत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका निवृत्त कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सांगितलं आहे.

सरकारी नोकरीतल्या जुन्या पेन्शनवाल्यांचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. शेवटचा मूळ पगार ८०,००० असलेला केंद्र सरकारचा कर्मचारी गेला, तर त्याच्या विधवेला आयुष्यभर ३० टक्के म्हणजे २४,००० रुपये कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, वर महागाई मदत. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की हा हक्क संपतो, मग लग्न तीस वर्षांचं का असेना. न्यायिक विभक्ततेत लग्न कायद्याने टिकून असतं आणि अशी पत्नी नियमांनुसार कुटुंबातच मोडते. (विभक्तता व्यभिचाराच्या कारणावरून असेल, तर नियम अधिक कडक आहेत.) ज्यांना पुन्हा लग्न करायचंच नाही, अशा साठीजवळच्या जोडप्यांना सही करण्यापूर्वी हा फरक कोणीतरी समजावून सांगायला हवा. ज्यांना घटस्फोटच हवा, त्यांनी गमावल्या जाणाऱ्या त्या २४,००० ची भरपाई एकरकमी पोटगीत मागावी. खासगी नोकरीतल्या ईपीएस पेन्शनमध्येही घटस्फोटित पत्नीला विधवेचा हक्क नाही, पण तिथे मुळात रक्कमच लहान आहे. १५,००० च्या मर्यादेवर तीस वर्षं भरलेल्याचं पेन्शन ६,८५७ रुपये होतं आणि विधवेला त्याच्या निम्मं मिळतं.

कमावती बाई असेल, तर तिला स्वतःचे पैसे राखायचे असतात. पीएफ योजनेत तिच्यासाठी एक सोय आहे, जी पुष्कळ जणींना ठाऊक नसते: आपल्या नवऱ्याला ‘कुटुंबा’तून वगळावं, असं ती लेखी कळवू शकते, त्यासाठी घटस्फोटाची वाट पाहावी लागत नाही. नॉमिनेशन मात्र तिने स्वतः बदलायला हवं, कारण न्यायालयाचा हुकूम आपोआप पीएफच्या पोर्टलवर पोचत नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना जानेवारी २०२४ पासून आणखी एक मुभा आहे. घटस्फोटाचा अर्ज, कौटुंबिक हिंसाचाराची किंवा हुंड्याची केस चालू असताना कुटुंब निवृत्तिवेतन नवऱ्याआधी पात्र मुलांना द्यावं, असं त्या कार्यालयप्रमुखांना लेखी कळवू शकतात. निकाल लागण्याआधी ती गेली, तर पैसे आधी मुलांना मिळतात. सगळी मुलं अपात्र ठरल्यावर मात्र ते नवऱ्याकडे येतात, त्याच्या मृत्यूपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत.