रोमन अक्षरांतील मराठी

नाशिकच्या एका तरुणानें विलायतेंतील आपल्या मित्राला एक ओळ पाठविली असें समजा. मित्र कचेरींत जागेवर नाहीं. ओळ पडद्यावर उमटते व शेजारच्या इंग्रज गृहस्थाच्या दृष्टीस पडते. ती अशी: kay mhantos, kasa ahes. कोणा पोराचा हात कळांवर पडला असावा, असें मानून ते गृहस्थ ती पुसून टाकतात. वस्तुतः ‘काय म्हणतोस, कसा आहेस?’ एवढाच स्नेहाचा प्रश्न तींत होता. नाशिकला उत्तर पोहोंचत नाहीं, आणि मित्र रुसला कीं काय, ही शंका तरुणाच्या मनांत घर करते.

देवनागरी येत असूनही तरुणानें रोमन अक्षरें कां घेतलीं? संवय हें एक कारण. पण ती संवय लागली कशी, हें पाहण्यासारखें आहे. भ्रमणध्वनीच्या आरंभींच्या काळांत एका संदेशांत रोमन अक्षरें १६० मावत, देवनागरीचीं मात्र ७०. आणि त्यांतही काना, मात्रा, वेलांटी हीं प्रत्येकी वेगळीं मोजलीं जात. दर संदेशामागें पैसे पडत, तेव्हां मराठी माणूस रोमनकडे वळला, यांत नवल नाहीं.

आतां त्या गृहस्थांची चूक तपासूं. mh या जोडीनें आरंभ होणारा शब्द इंग्रजींत सहसा आढळत नाहीं, म्हणून त्यांची नजर तेथेंच अडखळली. मराठींत मात्र म्हण, म्हैस, म्हातारा असे शब्द रोजचे आहेत. उगाच बडवलेल्या अक्षरांचें लक्षण निराळें असतें. बोटें जवळजवळच्या कळांवर पडतात, asdf किंवा jkl असे पुंजके उमटतात आणि स्वर फारसे पडत नाहींत. या ओळींत अठरा अक्षरें आहेत, त्यांपैकीं सात स्वर, आणि ते व्यंजनांमध्यें असे विखुरले आहेत कीं सबंध ओळ सहज उच्चारतां यावी. याहून पक्की खूण शेवटच्या अक्षराची आहे. mhantos आणि ahes या दोन्ही शब्दांच्या अखेरीस s आहे. ‘तूं’ या कर्त्याशीं जुळणारा हा क्रियापदाचा प्रत्यय! आंधळ्या बोटांना व्याकरण ठाऊक नसतें. अर्थात् नुसतें kay एवढेंच आलें असतें, तर या कसोटीचा उपयोग झाला नसता. निर्णयाला दोनचार शब्द तरी हवेत.

पण मराठी जाणणारा तरी सदैव निर्धास्त असतो काय? रोमन लिपींत त आणि ट, न आणि ण, ल आणि ळ एकाच अक्षरांत कोंबले जातात, आणि ऱ्हस्वदीर्घाचा विचार बहुधा कोणी करीत नाहीं. mala म्हणजे मला, मळा, माळा किंवा माला. नाशिकच्या बाजूला, जेथें द्राक्षांचे मळे घरोघरचा विषय, तेथें हा घोटाळा केवळ गमतीचा राहत नाहीं. एखाद्या भावानें धाकट्याला कळविलें, mala vikla. शेजाऱ्यानें ट्रॅक्टर ‘मला विकला’, कीं वाडवडिलांचा ‘मळा विकला’? अक्षरें तींच, पण एकीकडे घरांत एक वस्तु आली, आणि दुसरीकडे जमीन गेली!

हा दोष रोमन लिपीचाच म्हणावा, तर इतिहास वेगळें सांगतो. इंग्लंडांत जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचें सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांतील रायतूर येथें छापून निघालें, तें रोमन अक्षरांतच. कारण देवनागरी खिळे तेथें उपलब्ध नव्हते. म्हणजे एका इंग्रजानेंच मराठी रोमनमध्यें लिहिली, आणि चारशें वर्षांनीं दुसऱ्या इंग्रजाला ती ओळखतां आली नाहीं! गोव्यांतील रोमन कोंकणींत आजही एक सोपी रीत पाळली जाते. मूर्धन्य वर्णासाठीं अक्षर दोनदां लिहावयाचें: ट साठीं tt, ड साठीं dd, ण साठीं nn, ळ साठीं ll. ‘वेळ’ तेथें vell होतो, आणि vel या अक्षरांना ‘वेल’ मोकळा राहतो. त्याच रीतीनें मळा malla लिहिला, तर निदान मला आणि मळा यांची फारकत होते. माळ्याचा प्रश्न मात्र उरतोच, कारण आ चा दीर्घपणा दाखविण्याची सोय तींत नाहीं.

ही रीत नाशकांत कोणी पाळीत नाहीं. तेथें mala vikla वाचणारा धाकटा भाऊ तत्काळ फोन उचलतो, आणि पहिलें वाक्य विचारतो तें, “दादा, नक्की काय विकलें रे?”